उत्तर नाही आलं तरी चालेल

जेरोम मोटो हे सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे इस्पितळात दाखल झालेली पुष्कळ माणसं घरी गेल्यावर पुढचे उपचार घेतच नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. फोन करावा तर ती टाळतात, बोलवावं तर येत नाहीत. अशांसाठी काय करता येईल? १९६९नंतरच्या काही वर्षांत मोटो यांनी पुढचे उपचार नाकारलेले ८४३ रुग्ण निवडले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाशी कसलाही संपर्क ठेवला नाही. दुसऱ्या गटाला पत्रं पाठवली. इस्पितळात असताना त्यांच्याशी जो कर्मचारी बोलला होता, त्याच्याच सहीची.

पत्रं अगदी छोटी होती. भेटून बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, एवढाच मजकूर. औषधं घेता का, कामावर जाता का, पुन्हा कधी येणार, असं काही विचारलेलं नसे. पहिले चार महिने दर महिन्याला एक, मग आठ महिने दर दोन महिन्यांनी एक आणि त्यानंतर चार वर्षं दर तीन महिन्यांनी एक, अशी पाच वर्षांत २४ पत्रं. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्या गटात आत्महत्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी राहिलं. पुढे हा फरक हळूहळू मिटत गेला.

इतक्या साध्या गोष्टीने फरक पडावा, याचं अनेकांना नवल वाटतं. पण मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या डिप्रेशनने हबकून गेलेल्या माणसाला ही पत्रं दोन अतिशय उपयोगाच्या गोष्टी शिकवतात. पहिली म्हणजे, संपर्क ठेवायचा पण त्या बदल्यात काही मागायचं नाही; उत्तरही नाही. दुसरी, तो संपर्क इतका छोटा आणि ठरलेला ठेवायचा की पाठवणारा वर्षानुवर्षं थकणार नाही. पाच वर्षांत २४ पत्रं लिहिताना कुणाचीही दमछाक होत नाही. रोज रात्री दीड तास फोनवर बसणारा मित्र मात्र महिन्याभरात कोलमडतो आणि मग एकदम गायब होतो.

हे गायब होणं सर्वांत वाईट.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण मानसोपचारांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. दोघे कॉलेजपासूनचे मित्र, आता चाळिशीच्या आसपास. एक नाशिकला औषध कंपनीत विक्रीचं काम करतो, दुसरा पुण्याला नोकरीला. दिवाळीनंतर नाशिकचा मित्र ग्रुपवर दिसेनासा होतो. फोन उचलत नाही. उचलला तर ‘काही नाही रे, मन लागत नाही’ म्हणतो. पुण्याचा मित्र वहिनींना फोन करतो. त्या सांगतात, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग झोप नाही. जेवण निम्म्यावर आलंय. सुट्टी टाकून घरी बसलेत. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगलाही आले नाहीत. हे सगळं तीन आठवडे चाललंय.

थोडे दिवस मन उदास होणं आणि डिप्रेशन यांत इथे फरक दिसतो. डॉक्टर साधारणपणे दोन आठवड्यांची रेघ धरतात. त्या काळात जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खिन्न असणं किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस न उरणं, आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडणं, स्वतःला दोष देत राहणं, मरणाचे विचार येणं यांपैकी बऱ्याच गोष्टी असतील तर तज्ज्ञाने तपासायला हवं. निदान करणं मित्राचं काम नाही. काय दिसतंय ते नीट टिपून ठेवणं मात्र त्याला जमतं, आणि डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

पुण्याचा मित्र मनाने चांगला. तो कामाला लागतो. रोज रात्री फोन, तासभर, कधी दीड तास. सकाळी उत्साह वाढवणारे व्हिडिओ. ‘तुला काय कमी आहे? घर आहे, नोकरी आहे, गुणी मुलगी आहे.’ महाबळेश्वरचं बुकिंग करून टाकतो. मित्र ऐन वेळी येत नाही. प्राणायाम, अश्वगंधा, एका ओळखीच्या माणसाचं ‘मीही यातून गेलोय’ हे व्याख्यान. तीन आठवड्यांनी तो वैतागून म्हणतो, ‘अरे, तुलाच बरं व्हायचं नाहीये!’ मग चार दिवस फोन नाही. मग अपराधी वाटतं म्हणून पुन्हा दीड तासाचा फोन.

यात चुकलं काय? डिप्रेशनमधल्या माणसाला ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य आधार म्हणून ऐकूच येत नाही. हे प्रश्न तो स्वतःला पहाटे साडेतीन वाजल्यापासून विचारत असतो. इतकं सगळं असून मी असा, म्हणजे माझ्यातच खोट आहे, असा त्याचा निष्कर्ष निघतो आणि मित्राच्या वाक्याने तो पक्का होतो. जिल हूली आणि जॉन टीसडेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. डिप्रेशनमधून सावरत असलेल्या विवाहित रुग्णांना त्यांनी इतर तपासण्यांबरोबर एक साधा प्रश्न विचारला: तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो असं तुम्हाला वाटतं? एक ते दहामध्ये आकडा सांगा. पुढच्या नऊ महिन्यांत आजार कुणात उलटेल याचा अंदाज या एका आकड्यावरून सर्वांत चांगला बांधता आला. अभ्यास नवरा-बायकोंचा असला तरी मित्रांनीही तो मनावर घ्यावा. टीका किती झाली यापेक्षा ती समोरच्याला किती जाणवली, हे त्यात मोजलं होतं. आपल्याकडे काळजी बहुतेक वेळा टीकेच्याच भाषेत बोलते: ‘किती झोपतोस’, ‘जरा उठ, आंघोळ कर’, ‘मोबाईल सोड आधी’. बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, ऐकणाऱ्याच्या खात्यात ती टीका म्हणूनच जमा होते.

दुसरी गोची दीड तासाच्या फोनची. नाशिकचा मित्र विचारतो, ‘मी बरा होईन ना?’ पुण्याचा म्हणतो, ‘होशील रे, नक्की होशील.’ दहा मिनिटांनी तोच प्रश्न येतो. पुन्हा तेच उत्तर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी १९७६ साली या चक्राची मांडणी केली. निराश माणूस धीर मागतो, समोरचा देतो. निराश माणसाचा त्यावर विश्वास बसत नाही, हा नुसतं बरं वाटावं म्हणून बोलतोय असं त्याला वाटतं, म्हणून तो पुन्हा मागतो. देणारा आतून त्रासतो, पण तोंडाने गोडच बोलतो. मागणाऱ्याला तो त्रास आवाजातून कळतो आणि त्याची भीती आणखी वाढते. कॉइन यांनी कॉलेजच्या विद्यार्थिनींना डिप्रेशन असलेल्या अनोळखी रुग्णांशी फक्त २० मिनिटं फोनवर बोलायला लावलं होतं. तेवढ्यानेही त्यांचं स्वतःचं मन खिन्न झालं, चिडचिड वाढली आणि पुन्हा या व्यक्तीशी बोलायची इच्छा कमी झाली. हा रुग्णाचा दोष मुळीच नाही. आजाराचं स्वरूपच तसं आहे. पण दमलेल्या मित्राने हे जरूर लक्षात घ्यावं. अशा फोननंतर जड वाटणं हा कुणाच्या मैत्रीतला खोटेपणा नव्हे.

मग धीर मागितला की द्यायचाच नाही का? एकदा द्यायचा, खरा तेवढाच द्यायचा. ‘डॉक्टर म्हणालेत की बहुतेक लोक यातून बाहेर येतात. तुला आज ते खरं वाटत नाहीये, हे मला कळतंय.’ दुसऱ्यांदा प्रश्न आला तर उत्तर बदलत बसण्यापेक्षा प्रश्नामागच्या भीतीला हात घालावा: ‘आज जास्तच भीती वाटतेय का?’ यात समजूत घालायची नसते, वाद जिंकायचा नसतो. ‘खूप जड जात असेल’ एवढं म्हणून गप्प राहिलं तरी चालतं. फोनवरची शांतता अवघड वाटते, पण ती भरून काढण्याच्या घाईतच नको ते सल्ले तोंडातून निघतात.

पुण्याच्या मित्राची गाडी रुळावर येते ती काही गोष्टी ठरवून टाकल्यावर. तो सांगतो, ‘हे बघ, सोमवारी आणि गुरुवारी रात्री नऊला मी फोन करणार. पंधरा-वीस मिनिटं. बोलावंसं वाटलं नाही तर नुसता उचल, मी ऑफिसातलं काहीबाही सांगेन. रविवारी सकाळी मेसेज टाकेन, त्याला उत्तर द्यायची गरज नाही.’ आणि मग तो ते पाळतो. वीस मिनिटं झाली की ‘गुरुवारी बोलू’ म्हणून थांबतो. फोन वाईट वळणावर आला म्हणून लांबवत नाही, चांगला चालला म्हणूनही लांबवत नाही. डिप्रेशनमधल्या माणसाला मी सगळ्यांवर ओझं झालोय असं सतत वाटत असतं. वेळ आधीच ठरलेली असली की फोन करायची परवानगी मागावी लागत नाही आणि किती वेळ घेतला याचा हिशेबही करावा लागत नाही. पुण्याच्या मित्रालाही मंगळवार-बुधवार मोकळे मिळतात. त्या दोन दिवसांत तो मुलाचा अभ्यास घेतो, आपलं बॅडमिंटन चालू ठेवतो. कॉलेजच्या ग्रुपमधला तिसरा एक जण नाशिकमध्येच राहतो, तो शनिवारी चक्कर मारायचं कबूल करतो. त्याला किती सांगायचं हे मात्र आधी आजारी मित्राला विचारून ठरतं.

आता कृतीकडे येऊ, कारण नुसतं ऐकून घेणं पुरत नाही. या बाबतीत सर्वांत विश्वासार्ह धडा आपल्या शेजारच्या गोव्यातून मिळतो. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आले. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेल्या रुग्णांना आठवड्यातून एकदा, सहा ते आठ वेळा, अर्धा-पाऊण तास समुपदेशन मिळालं. समुपदेशक स्थानिकच होते. मानसोपचाराची पदवी त्यांच्यापैकी कुणाकडे नव्हती, या कामाचं काही आठवड्यांचं प्रशिक्षण तेवढं त्यांना दिलं होतं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के रुग्ण लक्षणांमधून बाहेर आले होते. ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

या समुपदेशनाचा गाभा सोपा आहे. मन खिन्न असलं की माणूस कामं, भेटीगाठी, बाहेर जाणं सोडत जातो. ती सुटली की बरं वाटण्याच्या ज्या काही संधी असतात त्याही सुटतात, आणि मन आणखी खचतं. म्हणून ‘बरं वाटलं की करीन’ याची वाट न पाहता अगदी छोटं काम आधी करायचं, ते वेळ ठरवून करायचं, आणि त्यानंतर मन किंचित तरी हललं का ते पाहायचं. पूर्वी त्या माणसाला ज्यात गोडी होती, त्यातलंच काहीतरी घ्यायचं.

मित्राने समुपदेशक होऊ नये, पण यातलं मोजमाप जरूर उचलावं. महाबळेश्वरची सहल फसली कारण ती प्रचंड मोठी होती: सामान भरणं, प्रवास, चार लोकांत हसतमुख राहणं. शनिवारी येणारा मित्र मात्र म्हणतो, ‘सहाला येतो, टपरीवर चहा घेऊ, सव्वासहाला तुला परत सोडतो.’ ‘काही लागलं तर सांग’ या वाक्यात सगळं काम आजारी माणसाच्या गळ्यात पडतं: काय लागेल ते ठरव, शब्द शोध, फोन कर, माग. निर्णय घेणं अवघड होणं हे तर या आजाराचंच लक्षण आहे. त्यापेक्षा ‘वीजबिल मी भरू का?’ असा हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न सोपा जातो. आणि नाही म्हटलं तर ‘बरं, पुढच्या शनिवारी’ एवढंच म्हणायचं. ओढून नेणं चूक, पुन्हा विचारणंच सोडून देणंही चूक.

डॉक्टरांकडे जाण्याचंही तसंच आहे. ‘तू कुणाला तरी दाखव’ हे दहादा सांगून जे होत नाही ते बऱ्याचदा एका सकाळी होतं. पुण्याचा मित्र वहिनींशी बोलून नाशिकच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीची वेळ विचारून घेतो, रजा काढून पहाटेच्या बसने जातो, केस पेपर काढतो आणि बाहेर बाकावर बसतो. आत जायचं की नाही हे तो मित्रावर सोडतो. मित्र म्हणतो, ‘तूही ये.’ तिथे झोपेच्या, जेवणाच्या, रजेच्या टिपून ठेवलेल्या गोष्टी कामी येतात.

गोळ्या सुरू होतात आणि पुढचा खड्डा दहाव्या-बाराव्या दिवशी येतो. डिप्रेशनवरच्या बहुतेक औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, अस्वस्थता, डोकं जड होणं हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होऊ शकतात. म्हणजे आधी त्रास आणि नंतर गुण. नाशिकचा मित्र म्हणतो, ‘काही उपयोग नाही, मी बंद केल्या.’ इथे औषधांवर व्याख्यान नको. ‘काय त्रास होतोय ते डॉक्टरांना फोन करून सांगू या का? मी लाइनवर थांबतो,’ एवढं पुरतं. डॉक्टर मात्रा बदलू शकतात, औषध बदलू शकतात. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त काळ औषध चालू ठेवायला सांगतात आणि थांबवताना हळूहळू कमी करतात. मनाने बंद करण्याचा मोह या टप्प्यावरही होतो.

एक प्रश्न मात्र स्पष्टपणे विचारायचाच असतो, आणि तोच विचारायला माणसं सर्वांत जास्त घाबरतात. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारलं तर डोक्यात नसलेला विचार शिरेल अशी भीती असते. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांतल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही भीती तपासली गेली. विचारल्याने विचार वाढले नाहीत. जे आधीच धोक्यात होते त्यांना उलट थोडं हलकं वाटलं. म्हणून आडवळणाने ‘तसलं काही मनात नाही ना?’ असं न विचारता सरळ विचारावं. ‘ना’ लावलेल्या प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर येतं.

उत्तर ‘हो’ आलं तर घाबरून उपदेश करू नये. काही ठरवलंय का, कधी, घरात तसं काही जवळ आहे का, हे शांतपणे विचारावं. ठरवलेलं असेल तर मैत्रीतले सगळे नेम तात्पुरते बाजूला पडतात: सोमवार-गुरुवार नाही, वीस मिनिटं नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, शेतावरचं कीटकनाशक असो की घरातला गोळ्यांचा साठा, तो हाती लागणार नाही असं पाहायचं, घरच्यांना सांगायचं आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ‘कुणाला सांगू नकोस’ असं वचन मागितलं तर ते देऊ नये. ‘तुझ्या जिवापुढे मी हे लपवणार नाही, पण कुणाला सांगायचं ते आपण मिळून ठरवू,’ असं म्हणावं. पोलीस केसची भीती अजूनही लोकांना थांबवते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायला सांगितलं आहे आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

मदत करणाऱ्याची घसरण अशी एका दिवसात दिसत नाही. फोनच्या पडद्यावर मित्राचं नाव आलं की पोटात गोळा येतो. रात्री फोन बंद ठेवायची भीती वाटते. घरात बायकोशी बोलणं कमी होतं, कारण सगळं बोलणं त्याच्याशी झालेलं असतं. आधी राग, मग त्या रागाची लाज. आणि सर्वांत घातक म्हणजे ‘मी नसलो तर याचं काय होईल’ हा विचार. हा विचार मनात आला की समजावं, एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं काम एकट्याने अंगावर घेतलं गेलंय आणि आणखी कुणाला तरी त्यात आणायला हवं. फोन कमी करायचे असतील तर ते बोलून कमी करावेत. ‘पुढचे दोन आठवडे ऑफिसचं फार आहे, फक्त गुरुवारी बोलू, रविवारचा मेसेज येईलच,’ हे प्रामाणिक आहे. न सांगता फोन बंद झाले तर आजारी मित्र त्याचा एकच अर्थ लावतो, आणि तो त्याच्याच विरुद्ध असतो.

नाशिकचा मित्र तीन महिन्यांनी पुन्हा कामावर जाऊ लागतो, आधी अर्धा दिवस. पहाटेची झोप अजून अधूनमधून मोडते. रविवारच्या मेसेजला उत्तर कधी येतं, कधी येत नाही. पुण्याचा मित्र मेसेज पाठवतच राहतो, कारण डिप्रेशन अनेकांना पुन्हा होतं आणि ते परतताना सगळ्यांत आधी गप्प बसायला लावतं.

वाचकांपैकी कुणी आज अशा मित्राला किंवा मैत्रिणीला सांभाळत असेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक स्वतःच्या फोनमध्येही साठवून ठेवावा. ती दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मित्राला काय म्हणावं हे कळेनासं झालं किंवा स्वतःचीच झोप उडाली, तरी तो लावायला हरकत नाही.